ओलीचा डाग

आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, आतल्या खोलीच्या भिंतीवर जुलैत ओलीचा डाग उठला. मालक म्हणाले, "पाऊस आहे, वाळेल." पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी डाग वाढतच होता. माझ्या पुस्तकांना बुरशी लागली, आईचा खोकला थांबेना. बाबा दर महिन्याला भाडे देताना हात जोडून सांगत. मालक नुसती मान हलवीत.

मी म्हणालो, "आपण लेखी देऊ." बाबा दचकले. "मालकाशी कागदावर बोलायचं नसतं रे. चौदा वर्षं राहतोय आपण. खोली सोडा म्हणाले तर?"

माझा पहिला मसुदा शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा झाला. त्यात विनंती होती, तक्रार नव्हती. मग आधी कारण शोधले. वरच्या बिऱ्हाडाच्या वहिनींनी दोन दिवस मोरी वापरली नाही, तेव्हा छताजवळचे थेंब थांबले. मोरी सुरू होताच पुन्हा झिरपू लागले. म्हणजे दोष पावसाचा नव्हता, मोरीच्या जाळीभोवतीच्या सांध्याचा होता. गवंड्याने ७,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला.

वाचनालयात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ उघडला. कलम १४ म्हणते की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाला वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आमचे भाडे महिना ३,०००, म्हणजे मर्यादा ९,०००. अंदाज तीत बसत होता. भाडे कमी करण्याचा हक्क मात्र त्या कलमात नाही. म्हणून पत्रात दुरुस्तीची मुदत हक्काने मागितली, आणि आतली खोली निकामी आहे तोवर महिना ५०० रुपये कमी घ्यावेत, ही विनंती वेगळ्या परिच्छेदात लिहिली. भाडे मात्र थांबवले नाही. थकबाकी झाली असती तर आमचीच बाजू लंगडी पडली असती.

बाबांनी पत्र दोनदा वाचून घेतले. मग एकेक अक्षर जुळवीत सही केली. ते पाचवीपर्यंत शिकलेले. टपालाची पावती त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवली.

बाराव्या दिवशी मालक गवंडी घेऊन आले. भाडे एक पैसाही कमी झाले नाही. जाताना ते बाबांना म्हणाले, "पत्र कशाला पाठवलंत? सांगायचं होतं."

"सांगितलं होतं, शेठ. पाच महिने," बाबा म्हणाले. त्यांनी हात जोडले नव्हते.