पोटॅशियम चढेना तेव्हा

2021 च्या मे महिन्यात, म्युकरच्या लाटेत, मधुमेह असलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत मी दोनदा चुकलो.

पहिली चूक औषध निवडण्याची. गालावर सूज, नाकातून काळी खपली. बुरशी आहे हे कळत होतं, पण बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून हाताशी असलेलं व्होरिकोनाझोल सुरू केलं. ॲझोल गटाची औषधं बुरशीचं एक एन्झाइम अडवतात आणि तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल उत्तम चालतं, म्युकरवर मात्र नाही. कॅस्पोफंजिनसारखी इकायनोकॅन्डिन गटातली औषधंही इथे एकटी पुरत नाहीत. ती पेशीभित्तीतलं ग्लुकन बनू देत नाहीत. माणसाच्या पेशीला भिंतच नसल्यामुळे त्यांचा त्रास कमी, पण त्यांचा खरा उपयोग कॅन्डिडावर. म्युकरचा संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता ॲम्फोटेरिसिन सुरू करायला हवं होतं. ते दिवस वाया गेले.

मग ॲम्फोटेरिसिन आलं, पण साधं. लायपोसोमलचा तुटवडा होता. वजन साठ किलो, म्हणून रोज 60 मिलिग्रॅम, पाच टक्के डेक्स्ट्रोजमधून, चार ते सहा तासांत. सलाईनमध्ये ते घालायचं नाही, साका बसतो. मूत्रपिंड सांभाळायला सलाईनची बाटली आधी वेगळी चढवायची. हे सगळं मी नीट केलं, आणि क्रिएटिनिन रोज पाहून निर्धास्त राहिलो. ही दुसरी चूक.

"डॉक्टर, पाय उचलवत नाहीत," असं ते म्हणाले, तेव्हा मी ते कोविडनंतरच्या अशक्तपणावर ढकललं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ईसीजी दाखवला. टी लाटा चपट्या झाल्या होत्या, मागे यू लाट दिसत होती. पोटॅशियम 2.3.

ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीच्या आवरणाला भोकं पाडतं आणि आतलं पोटॅशियम गळतं. आपल्या पेशीत एर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही इतकी जवळची की मूत्रपिंडाच्या नलिकांनाही तीच इजा होते. पोटॅशियम लघवीतून जातं, मॅग्नेशियमही. शिवाय मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे क्रिएटिनिन वाढतं. क्रिएटिनिन ठीक असलं तरी गळती चालू असू शकते, हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवस पोटॅशियम देत राहिलो. आकडा हलेना. तेव्हा कुठे मॅग्नेशियम मागवलं. ते फारच कमी होतं. मॅग्नेशियम कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही, वरून कितीही ओता. शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर पोटॅशियम चढू लागलं, आणि ते स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत गेले.

ऑपरेशनने सडलेला भाग काढल्यावर त्यांना पोसाकोनाझोलच्या गोळ्या दिल्या. हे ॲझोल म्युकरवर चालतं. पण काहींना यानेही रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून प्रत्येक तपासणीला ते दोन्ही रिपोर्ट घेऊनच येत.