कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर घरी करायचे हाताचे व्यायाम : आठवड्याप्रमाणे

मनगटातली दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन म्हणजे तसं पंधरा-वीस मिनिटांचं काम. पेशंट त्याच दिवशी घरी जातो, हातावर पट्टी आणि सोबत औषधांची चिठ्ठी. मग चार-पाच दिवसांनी तो त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे येतो आणि विचारतो, "डॉक्टर, आता हाताचं काय करायचं? व्यायाम कुठला करायचा?" या प्रश्नाचं उत्तर मला सोलापुरात वारंवार द्यावं लागतं, कारण इथे विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत तर विडी कामगार महिलांचीच. पान भिजवा, कात्रीने कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा, आणि हे सगळं दिवसभर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जोरावर. नेमक्या याच तीन बोटांची जाणीव ती नस सांभाळते. त्यात मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असला तर नस आणखी लवकर दबते.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या (स्नायूंची टोकं) आणि ही एक नस जाते. बोगद्याचं छप्पर म्हणजे एक जाड, चिवट पट्टा. सर्जन तो पट्टा कापतात आणि नसेला जागा मिळते. छप्पर उघडल्यामुळे पहिले काही आठवडे त्या नऊ दोऱ्यांना पुढून आधार नसतो. मनगट खाली वाकवून घट्ट मूठ आवळली, की धनुष्याच्या दोरीसारख्या त्या पुढे ताणल्या जातात आणि भरून येणाऱ्या जागेवर दाब पडतो. दुसरीकडे, हात अजिबात हलवला नाही तर नस आणि दोऱ्या आजूबाजूच्या सुजेत चिकटून बसतात. म्हणून सुरुवातीच्या व्यायामाचा हेतू एकच : दोऱ्या आणि नस सरकत्या ठेवायच्या. ताकद नंतर.

आणि इथेच लोक गडबड करतात. मेडिकलमध्ये मिळणारा मऊ रबरी बॉल तिसऱ्या दिवसापासून दाबायला लागतात.

माझ्याकडच्या एका पेशंटचं उदाहरण घेऊन सांगतो. वय अठ्ठेचाळीस, पद्मशाली कुटुंबातल्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. तीस वर्षं विडी वळतात, मधुमेह गोळ्यांवर. उजव्या हाताचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी त्या हात खाली लोंबकळत ठेवून आल्या, डाव्या हातात बॉल. मुलाने हौसेने आणलेला. बोटं सुजून गच्च. मी त्यांना मूठ मिटायला सांगितलं तेव्हा बोटांची टोकं तळव्यापासून दोन बोटांइतकी लांब राहिली. हे माप तुम्हीही घरी घेऊ शकता : दुसऱ्या हाताची बोटं मधल्या फटीत आडवी घालून बघा, किती मावतात. रोज सकाळी एकदा मोजा. फट कमी होत गेली की तुमचं बरोबर चाललंय.

पहिले दोन आठवडे, म्हणजे टाके निघेपर्यंत, हात छातीच्या वर ठेवा. बसताना उशीवर, झोपताना बाजूला दोन उशा. पट्टी कोरडी ठेवा. मनगट सरळ, ना वर ना खाली, आणि फक्त बोटं हलवा. पाची बोटं सरळ ताठ करा. मग बोटांच्या मुळाशी हात सरळ ठेवून वरचे दोन सांधे वाकवा, आकड्यासारखे. परत सरळ. आता मुळापाशी काटकोनात वाकवा, बोटं सरळच, जणू टेबलाचा कोपरा. परत सरळ. शेवटी हळूच पूर्ण मूठ, आवळायची नाही, फक्त मिटायची. प्रत्येक स्थितीत तीन-चार आकडे मोजेपर्यंत थांबा. हे सगळं मिळून एक फेरी झाली. अशा पाच ते दहा फेऱ्या, जागेपणी दर दोन तासांनी. त्यानंतर अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावा, करंगळीपर्यंत. कोपर आणि खांदाही दिवसातून दोन-तीनदा पूर्ण फिरवा, नाहीतर हात जपता जपता खांदा आखडतो, मधुमेहींमध्ये तर हमखास. चहाचा कप उचलणं, जेवणं, बटणं लावणं चालेल. पाण्याची बादली, गच्च पिळलेले कपडे, मोटरसायकलचा क्लच नाही.

अक्कांचा बॉल मी काढून घेतला आणि हे सुरू करायला सांगितलं. दहाव्या दिवशी फट एका बोटावर आली. त्यांची साखर जास्त असल्याने सर्जननी टाके चौदाव्या दिवशी काढले, तेव्हा टोकं तळव्याला टेकत होती.

तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी वाढतात. एक, मनगटाची हालचाल. हाताचा पुढचा भाग टेबलावर, पंजा कडेबाहेर ठेवून मनगट हळूहळू वर, खाली, अंगठ्याकडे, करंगळीकडे न्यायचं. यात बोटं सैल सोडलेली हवीत. मनगट खाली जाताना मूठ मिटलेली नको, कारण वर सांगितलं तेच. दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दुसरी गोष्ट व्रणाची. टाके निघून दोन-तीन दिवस झाले, जखम पूर्ण मिटलेली आणि कोरडी असली, खपली राहिली नसली, की खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व्रणावर गोल गोल दाबून चोळा. दाब एवढा की नखाखालचा रंग पांढरा पडेल. पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा. व्रण खालच्या थरांना चिकटू नये म्हणून हे करायचं. व्रणाला नुसता स्पर्श झाला तरी झिणझिणतं अशी तक्रार असेल तर आधी कापूस फिरवा, मग सुती कपडा, मग खरबरीत टॉवेल. सोलापुरात टॉवेलची काही कमी नाही. शेवटी डब्यात ज्वारी घेऊन त्यात हात फिरवा. आठ-दहा दिवसांत त्वचा सरावते. जखम पक्की मिटेपर्यंत तंबाखू हाताळू नका, सुपाजवळ बसू नका. तंबाखूची बारीक धूळ उघड्या जखमेत जाते, आणि निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून जखम भरणं लांबवतं.

चौथ्या आठवड्यापासून ताकदीकडे वळायचं, पण बॉलकडे नाही. भांडी घासायचा मऊ स्पंज कोमट पाण्यात भिजवून पिळा, मनगट सरळ ठेवून, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमलं की कणकेचा मऊ गोळा. तो अंगठा आणि एकेका बोटाच्या चिमटीत दाबा. विडी वळणाऱ्या हाताला खरी गरज चिमटीच्या ताकदीची असते, मुठीची कमी.

पाचव्या आठवड्यात अक्का रडवेल्या होऊन आल्या. मुंग्या गेल्या होत्या, रात्रीची झोप लागत होती, पण हात टेकून उठताना तळव्याच्या खालच्या बाजूला, व्रणाच्या दोन्ही अंगांना, हाडात कळ यायची. "ऑपरेशन फसलं का, डॉक्टरसाहेब?" नाही. पट्टा जिथे हाडांना जोडलेला होता त्या दोन कडा दुखतात, आणि हे पुष्कळांना होतं. साधारण तीन महिन्यांत कमी होतं, काहींना सहा लागतात. व्रण चोळणं चालू ठेवा आणि तळव्याच्या टाचेवर भार टाकू नका. याच कारणासाठी भाकरी थापणं माझ्या यादीत सगळ्यात शेवटी येतं, विडीच्याही नंतर. भाकरी थापताना प्रत्येक थाप नेमकी त्या कडांवर बसते. तोवर घरात दुसऱ्या कुणीतरी थापावी, किंवा लाटून करावी. यावर सासवा नाराज होतात, होऊ द्या.

सहाव्या आठवड्यानंतर काम. विडीला मजुरी हजारावर मिळते, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. त्यामुळे "तीन महिने काम बंद" असं सांगून कुणी ऐकत नाही, आणि तेवढं थांबायची बहुतेकांना गरजही नसते. अक्कांना मी कामाचे तुकडे करून दिले. पहिला आठवडा फक्त वळणं आणि दोरा बांधणं, पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती आणि त्या विश्रांतीत तेच सुरुवातीचे बोटांचे व्यायाम. दिवसातून चार वेळा. पानं सुनेने कापली, कारण कात्रीची मूठ थेट व्रणावर रुतते. दुसऱ्या आठवड्यात वेळ अर्ध्या तासावर, तिसऱ्यात कात्री, मुठीला जुना सुती कपडा गुंडाळून. नियम एकच : काम करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजलेला किंवा कालपेक्षा आखडलेला असेल तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, निम्मं करा. नवव्या आठवड्यात त्या पूर्वीच्या निम्म्या विड्यांपर्यंत पोचल्या, तीन महिने होता होता जवळपास पूर्वीइतक्या.

मधल्या बोटाचं टोक मात्र त्यांचं अजून बधिर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. रात्रीची कळ आणि मुंग्या बहुधा लवकर जातात, पण नस फार दिवस दबलेली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने सुधारते, म्हणजे महिनोन्‌महिने. अंगठ्याच्या मुळाशी मांसल भाग खोलगट झालेला असेल तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही. व्यायामाने नस वेगाने वाढत नाही. खरं तर २०१६ च्या कोक्रेन आढाव्यातही या ऑपरेशननंतरच्या निरनिराळ्या व्यायाम-उपचारांच्या फायद्याचा पुरावा थोडा आणि कच्चाच आढळला. म्हणून महागड्या मशीनच्या बैठकींवर पैसे घालवू नका. सर्जननी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचा हात आतून पाहिलाय.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा. जखम लाल, गरम होऊन पू किंवा ताप. हात फुगलेला, चकचकीत, रंग बदललेला, घाम येणारा आणि नुसत्या स्पर्शाने असह्य आग होणारा. हा आजार लवकर ओळखला तरच आवरता येतो. ऑपरेशनआधी नसलेला नवा बधिरपणा, किंवा अंगठा वळवताच न येणं. बोट वाकवल्यावर अडकून 'टक्‌' असा आवाज करत सुटत असेल तर घाई नाही, पण पुढच्या भेटीत सांगा. ऑपरेशननंतर काहींना तसं होतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

आणि उजवा हात बरा होत असताना डावा रात्री मुंग्यांनी उठवत असेल, तर झोपताना त्याला मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला आजच सुरुवात करा. सगळं काम सध्या तोच एकटा करतोय.