जाहिरातीच्या हिशोबाचा ताळा

आमच्या किनाऱ्यावर आता घरटी एक पाटी दिसते. तारकर्ली, देवबाग, वायरी... कुणाच्या दोन खोल्या, कुणाच्या चार. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर निवास-न्याहारीचा हा व्यवसाय हळूहळू वाढत गेला. पूर्वी पाहुणे एकमेकांच्या सांगण्यावरून यायचे. आता मोबाईलवर शोधून येतात, आणि शोधताना आपलं नाव वर दिसावं म्हणून गूगलला पैसे भरावे लागतात.

आमच्या पुतण्याचा असाच चार खोल्यांचा व्यवसाय आहे. भागीदारी त्याच्या मेव्हण्याशी, आणि जाहिरातीचं काम सूनबाईकडे. दर महिन्याला खर्च निम्मा-निम्मा. गेल्या नोव्हेंबरात मेव्हण्याने खात्याचा रिपोर्ट उघडून पाहिला. त्यात खर्च 8,640 रुपये. बँकेतून गेले होते 11,800. "मगे ह्ये तीन हजार खंय गेले?" हा त्याचा प्रश्न. त्याने थेट आरोप केला नाही, पण असा प्रश्न नात्यात एकदा शिरला की सहज निघत नाही. सूनबाई कागद घेऊन माझ्याकडे आली, "काका, तुम्हीच बघा."

मग आम्ही दोघांनी बसून हिशोब लावला. इथे कित्येकजण असेच खोल्या चालवतात आणि असेच गोंधळतात, म्हणून तो सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे रिपोर्टमधला Cost हा रकाना कराशिवायचा असतो. जाहिरातीवर जीएसटी 18 टक्के. तुम्ही आगाऊ पैसे भरता तेव्हा भरलेल्या रकमेतून कर बाजूला काढला जातो आणि उरलेलीच रक्कम जाहिरातीसाठी जमा होते. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. 11,800 चे 18 टक्के काढले तर 2,124 येतात, आणि वजा करून 9,676 उरतात. पण कर लागतो तो मूळ रकमेवर, एकूण रकमेवर नाही. म्हणून भागायचं 1.18 ने. 11,800 भागिले 1.18 म्हणजे बरोबर 10,000. कर 1,800. त्याच न्यायाने कुणी नुसते 10,000 भरले तर जाहिरातीसाठी जमा होतात फक्त 8,474 रुपये 58 पैसे.

म्हणजे तीन हजारांतले अठराशे सापडले. आता 10,000 आणि 8,640 मधला फरक.

त्यातला मोठा भाग म्हणजे शिल्लक. महिनाअखेर 1,500 रुपये खात्यात न वापरता पडून होते. ते खर्च झालेच नव्हते, डिसेंबरात उपयोगी पडणार होते. पण 8,640 आणि 1,500 मिळून होतात 10,140. म्हणजे आता 140 रुपये उलट जास्त! हे आले कुठून? Transactions या पानावर खाली एक वजा रक्कम होती: बनावट क्लिक्सबद्दल परत दिलेले 140. बरेचसे खोटे क्लिक आधीच गाळले जातात. जे उशिरा लक्षात येतात त्यांचे पैसे नंतर परत जमा होतात, कधी कधी पुढच्या महिन्यात. म्हणून खरा खर्च 8,500.

आता ताळा. महिन्याच्या बिलात खर्च 8,500, त्यावर कर 1,530, एकूण 10,030. बँकेतून गेले 11,800. फरक 1,770, आणि 1,500 शिल्लक गुणिले 1.18 बरोबर 1,770. पैसा न् पैसा जुळला. शाळेत मुलांना भागाकाराचा ताळा करायला लावायचो, तेव्हा त्यांना तो जादा काम वाटायचा. इथे त्या ताळ्यावर दोन घरांचं बोलणं अवलंबून होतं.

दुसरा कागद जरा अवघड होता. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांनी एका परदेशी संकेतस्थळावर जाहिरात दिली होती, तिचं बिल डॉलरमध्ये. रिपोर्ट मात्र रुपयांत दिसत होता, 8,850. कार्डावर गेले अकरा हजारांच्या वर. दर समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतो.

जाहिरातीचा खर्च 100 डॉलर. रिपोर्ट रोजचा खर्च त्या त्या दिवसाच्या दराने रुपयांत करतो. पन्नास डॉलर 88 च्या दराने, पन्नास 89 च्या, म्हणून 8,850. बिल आलं करासह 118 डॉलरचं, आणि कार्डाच्या खात्यात ते लागलं त्या दिवशी दर होता 90. झाले 10,620. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. हे कार्डाप्रमाणे वेगळं असतं, यांच्या कार्डाला साडेतीन टक्के, म्हणजे 371 रुपये 70 पैसे. आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी, 66 रुपये 91 पैसे. एकूण 11,058 रुपये 61 पैसे.

फरक 2,208 रुपये 61 पैसे. त्यातले जाहिरातीवरच्या कराचे 1,620, दर वाढल्याचे 150, बाकीचे बँकेचे. कर दोनदा लागलेला दिसतो खरा, पण दोन वेगळ्या गोष्टींवर: एकदा जाहिरातीवर, एकदा बँकेच्या सेवेवर. सूनबाईने हे चार फरक चार ओळींत वेगळे लिहिले. सगळं 'इतर खर्च' म्हणून एकत्र टाकलं असतं तर पुढच्या महिन्यात दर बदलल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता.

मेव्हण्याने मग रास्त मुद्दा काढला, कर भरलाय तर तो परत मिळत नाही का? वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत म्हणून यांची जीएसटी नोंदणीच नाही, तेव्हा वजावटीचा प्रश्न येत नाही. आणि नोंदणी असती तरी 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोल्यांना 5 टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. म्हणजे हा 18 टक्के कर आपल्या खिशातूनच जाणार.

आणि म्हणूनच रिपोर्टमधला आकडा बघून धंद्याचा निर्णय घेऊ नये. नोव्हेंबरात गूगलच्या जाहिरातीतून दहा बुकिंगं आली. रिपोर्टच्या हिशोबाने प्रत्येकी 864 रुपये. खरी किंमत 10,030 भागिले दहा, म्हणजे 1,003. एका रात्रीच्या भाड्यातून हे वजा केल्यावर काय उरतं ते बघून डिसेंबरात आठवड्याच्या मधल्या दिवसांची जाहिरात त्यांनी बंद केली.

सगळाच फरक निर्दोष असतो असं मात्र नाही. 1.18 ने भागून, शिल्लक आणि परतावा धरूनही दोन-चार रुपयांपेक्षा जास्त उरत असेल तर शोधायला हवं. आमच्या ओळखीच्या एकांची जाहिरात दुसराच कुणी चालवायचा आणि स्वतःच्या नावाचं बिल द्यायचा. त्यात त्याची मजुरी किती आणि जाहिरात किती, ते कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी गूगलचं मूळ बिल मागावं. दिलं तर उत्तम, टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

आता त्यांच्या वहीत पाच रकाने आहेत: बँकेतून गेले, कर, खरा खर्च, शिल्लक, बँकेचं शुल्क. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघं भागीदार शेजारी बसून सह्या करतात. पहिली सही मेव्हण्याची असते, आणि तो आता 1.18 ने तोंडी भागाकार करतो.