सहा आला, पण का आला?

एक आयत घ्या, 9 सेंटीमीटर लांब आणि 4 सेंटीमीटर रुंद. आता याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचाय. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर 36 चं वर्गमूळ लगेच सांगेल, पण तो बाजूला ठेवा. हातात फक्त कंपास आणि पट्टी आहे असं समजा.

एक सरळ रेषा ओढा. तिच्यावर अब हा तुकडा 9 चा घ्या आणि त्याला लागूनच पुढे बक हा 4 चा. अक झाली 13. तिचा मध्यबिंदू म काढा, तिथे कंपासचं टोक रोवा आणि अक हा व्यास धरून वर अर्धवर्तुळ काढा. मग ब या सांध्यातून सरळ वर लंब न्या. तो अर्धवर्तुळाला जिथे भेटेल तो बिंदू ड. बड मोजा, 6 भरेल. हीच चौरसाची बाजू.

माझी भाची यंदा दहावीला आहे. तिने हे सगळं माझ्यासमोर वहीत काढलं, पट्टी लावली आणि म्हणाली, ‘‘मामा, सहा आला. पण का आला?’’ गणित म्हणजे पाठांतर, अकरावीला ते घ्यायचंच नाही, असं तिचं जवळपास ठरलेलं होतं. त्यामुळे हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. ‘पुस्तकात दिलंय म्हणून’ असं उत्तर दिलं असतं, तर तिचं म्हणणंच खरं ठरलं असतं.

या ‘का’ची दोन उत्तरं आहेत. दोन्ही बरोबर आहेत, पण सारखी नाहीत.

पहिलं उत्तर पायथागोरसचं. म पासून ड पर्यंत रेषा जोडा. ती त्रिज्या आहे, म्हणजे साडेसहा. म पासून ब अडीचवर आहे. मबड हा काटकोन त्रिकोण झाला, कर्ण 6.5 आणि एक बाजू 2.5. कर्णाचा वर्ग 42.25, त्यातून 6.25 वजा केले की उरतात 36. म्हणून बड 6. युक्लिडने ‘मूलतत्त्वे’च्या दुसऱ्या खंडातल्या शेवटच्या, म्हणजे चौदाव्या प्रमेयात ही रचना दिली आहे, आणि सिद्धता याच वाटेने जाते.

गंमत म्हणजे हेच आकडे आपल्याकडच्या शुल्बसूत्रांतही भेटतात. यज्ञवेदी मोजण्यासाठी दोरीची भूमिती सांगणारे हे ग्रंथ. आयताचा चौरस कसा करायचा हे बौधायनाने सांगितलं आहे, पण त्यात अर्धवर्तुळ नाही, कापाकापी आहे. आपल्या आयतातून 4 बाय 4 चा चौरस वेगळा काढा. उरलेल्या 5 बाय 4 च्या पट्टीचे अडीच रुंदीचे दोन तुकडे करा आणि ते चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना चिकटवा. साडेसहाचा मोठा चौरस होतो, फक्त एका कोपऱ्यात अडीचचा छोटा चौरस कमी पडतो. मोठ्यातून छोटा वजा करायचा, की झालं. त्यासाठी साडेसहाची दोरी, अडीच रुंदीच्या पट्टीत एका बाजूवरून समोरच्या बाजूला टेकेपर्यंत तिरपी फिरवायची. जिथे टेकेल तिथे 6 चं माप मिळतं. इथे दोरी आहे आणि तिथे कंपास, पण त्रिकोण तोच.

भाचीला हे पटलं, पण ती खूश नव्हती. तिचं म्हणणं असं, की हिशेब जुळला हे खरं, पण सहाचा नऊशी आणि चारशी काय संबंध ते कुठे कळलं?

ही तक्रार जुनी आहे. युक्लिडच्याही आधी ॲरिस्टॉटलने ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथात व्याख्या कशी असावी ते सांगताना नेमकं हेच उदाहरण घेतलं आहे. आयताएवढा चौरस काढणं ही त्याच्या मते कामाची व्याख्या झाली खरी, पण ती नुसता निष्कर्ष सांगते. मध्यम प्रमाणपद शोधणं, असं म्हटलं तर कारण सांगितलं जातं.

दुसरं उत्तर ते हे. ड पासून अ आणि क या दोन्ही टोकांना रेषा जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून अडक काटकोन त्रिकोण झाला. मधल्या लंबाने त्याचे दोन छोटे त्रिकोण केले, डावीकडे अबड आणि उजवीकडे डबक. ड पाशी काटकोनाचे जे दोन भाग झाले, त्यातला एक भाग अ च्या कोनाएवढा आहे आणि दुसरा क च्या. म्हणजे दोन्ही त्रिकोणांचे कोन तेच, फक्त आकार लहानमोठा. डावीकडच्यात 9 ला 6 जसे, तसेच उजवीकडच्यात 6 ला 4. दोन्हीकडे दीडपट. चारवरून सहावर आणि सहावरून नऊवर जाताना आपण एकसारखीच उडी घेतो. सहा हा या दोघांमधला मधला पाय आहे आणि म्हणूनच सहा गुणिले सहा म्हणजे नऊ गुणिले चार. दहावीच्या पुस्तकात हेच भूमितीमध्याचं प्रमेय म्हणून येतं. युक्लिडलाही प्रमाणाचा सिद्धांत पाचव्या खंडात मांडल्यावरच हे सांगता आलं, सहाव्या खंडातल्या तेराव्या प्रमेयात.

याच आकृतीत एक चकवाही आहे. त्रिज्या साडेसहा, म्हणजे 9 आणि 4 यांची सरासरी. साडेसहाच्या चौरसाची परिमिती आयताएवढीच, 26. पण क्षेत्रफळ 42.25. कुंपणाची तार सारखी लागली म्हणून जमीन सारखी होत नाही. लंब त्रिज्येपेक्षा जितका आखूड, तितका हा फरक.

हात चुकला की नाही हे कळायलाही सोपी युक्ती आहे. अर्ध्याऐवजी पूर्ण वर्तुळ काढा आणि लंब खालीही वाढवा. वर आणि खाली सारखंच माप यायला हवं. वर 6.2 आणि खाली 5.8 आलं, तर लंब कललाय. आयत लांबट असेल तर हा कल जास्त महागात पडतो, कारण सांधा केंद्रापासून दूर जातो. आपल्या आयतात एका अंशाच्या कलाने अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक पडतो, तर 16 बाय 1 च्या पट्टीत तो 1.3 मिलिमीटरपर्यंत जातो. अशा वेळी पट्टी आधी मधोमध कापून 8 बाय 2 करून घ्यावी. क्षेत्रफळ तेच राहतं आणि सांधा केंद्राच्या जवळ येतो.

आणि आकडे सोयीचे नसले तर? 8 बाय 3 घ्या. व्यास 11, लंब साधारण 4.9. आकड्यात लिहायला गेलं तर 24 चं वर्गमूळ, दशांशचिन्हापुढे कधीच न संपणारं. कंपासला मात्र त्याचा पत्ताच नाही. त्याच्यासाठी ही रेषा सहाइतकीच पूर्ण आहे. आठला ती जशी, तशी तिला तीन.