लेखणीची नाममुद्रा

माउली, अभंग कानावर पडला की आपण शेवटच्या चरणाची वाट पाहतो. 'तुका म्हणे' आलं की तुकोबाराय, 'एका जनार्दनी' आलं की नाथमहाराज. नाममुद्रेवर आपला एवढा भरवसा असतो, पण ती एकटी पुरत नाही. नामदेवरायांच्या नंतर विष्णुदास नामा म्हणून एक कवी होऊन गेले. त्यांच्याही रचनेत 'नामा' आहेच. जुन्या वह्यांतून उतरवून घेताना दोघांचे अभंग एकमेकांत मिसळले, आणि पुढं ते निवडणाऱ्या अभ्यासकांना नावापलीकडं जावं लागलं. शब्द कोणत्या काळचे, वाक्याचं वळण कसं, सांगणाऱ्याचा ओढा कुठं, हे पाहावं लागलं. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा माउलींचं बोलणं त्यांच्या कानात पक्कं बसलेलं असणार. त्याशिवाय उपरं काय ते ओळखता येत नाही.

हे तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण वारीची वही लिहितात, मासिकाला लेख पाठवतात. लेखाखाली तुमचं नाव असतं. नाव झाकलं तर घरच्यांना लेख ओळखू येईल का?

आमच्या दिंडीतल्या विणेकरीबुवांचंच सांगतो. शेतकरी माणूस, वीसेक वर्षांच्या वह्या घरात आहेत. मध्यंतरी त्यांनी प्रवचनांच्या ध्वनिफिती खूप ऐकल्या. ऐकणं चांगलंच, पण लिहायला बसले की त्या ध्वनिफितीच बोलू लागल्या. एका वर्षी दिवेघाटाबद्दल त्यांनी लिहिलं: "दिवेघाटाच्या त्या अलौकिक चढणीवर भक्तिरसाचा महासागर उसळला आणि प्रत्येक वारकऱ्याच्या अंतःकरणात दिव्य अनुभूतीचा साक्षात्कार झाला." सूनबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मामा, हे कुणाचं उतरवून घेतलंत?"

बुवा वह्या घेऊन माझ्याकडं आले. आम्ही जुन्या पाच वह्या आणि लेकीला लिहिलेली काही पत्रं काढली. पत्रं मुद्दाम घेतली. पत्र लिहिताना माणूस सोवळं नेसून बसत नाही, त्याचं बोलणं तिथं जसंच्या तसं सापडतं. जुन्या वहीत त्याच घाटाबद्दल असं होतं: "पुण्यातून निघालो. हडपसरला चहा. वडकीपासून ढग खाली आले. घाट लागला तेव्हा पाय बोलत नव्हते, टाळ बोलत होते. माथ्यावर पोचायला सात अभंग लागले. पाणी वाटणारी पोरं पहाटेपासून उभी होती. त्यांना कुणी नाव विचारत नाही, मी विचारलं."

आता हे मोठ्यानं वाचा. पहिली तीन वाक्यं दोन-दोन, चार शब्दांची आहेत आणि चौथं एकदम लांब, नऊ शब्दांचं. बाकीच्या वह्यांतही हीच चाल निघाली. छोटी पावलं, छोटी पावलं, मग एक लांब दम. अभंगाला अक्षरांचं माप असतं, तसं गद्याला श्वासाचं असतं, आणि प्रत्येकाचा श्वास वेगळा. ते 'अलौकिक' वाक्य पंधरा शब्दांचं, आणि त्याच्या मागंपुढंही तसलीच. बुवा ते मोठ्यानं वाचायला लागले तर 'अंतःकरणात'पाशीच अडखळले. जीभ जिथं अडखळते तिथं बहुधा दुसऱ्याचं वाक्य असतं.

मग एक पुठ्ठा घेतला, पोस्टकार्डाएवढा. त्यावर काय लिहायचं याचा एकच नियम केला: निदान तीन वेगवेगळ्या वह्यांत किंवा पत्रांत आलेली गोष्टच घ्यायची. एकदाच आलेलं वाक्य कितीही गोड असलं तरी ते त्या दिवसाचं, सवयीचं नव्हे. बुवांच्या कार्डावर प्रथम आलं ते वेळेचं माप. हा माणूस घड्याळ लिहीतच नाही. अंतर असो की वेळ, अभंगांत मोजतो. मग "चालता चालता सांगतो" हे पालुपद. मग वाक्यांची चाल, वर सांगितली तशी. मग त्यांची मतं, आणि मला विचाराल तर कार्डाचा जीव तिथंच आहे. शब्द कुणीही उचलेल, पण पंगतीपेक्षा आधी वाढप्यांकडं पाहायचं, सेवा करणाऱ्याचं नाव विचारायचं, चमत्काराच्या गोष्टी ऐकायच्या पण लिहायच्या नाहीत, मुक्कामाच्या गैरसोयीबद्दल गावाला बोल लावायचा नाही, ही बुवांची मतं आहेत. ती वीस वर्षांत हलली नाहीत. शेवटी पाठीमागं न वापरायचे शब्द: अलौकिक, अनुभूती, महासागर. हे शब्द वाईट नव्हेत, बुवांच्या तोंडी मात्र ते कधी नव्हते.

कार्ड झालं, पण त्यावरून लेख होत नाही. मी विचारलं, "बुवा, त्या वर्षी घाटात खरंच काय झालं?" ते म्हणाले, पायात गोळा आला होता. वीणा खाली ठेवता येत नाही. मागचा टाळकरी न बोलावता पुढं आला. कार्ड समोर ठेवून त्यांनी पुन्हा लिहिलं: "चालता चालता सांगतो. घाटात पायात गोळा आला. वीणा खाली ठेवायची नसते. मागचा टाळकरी आपणहून आला, वीणा त्यानं गळ्यात घेतली आणि मी दोन अभंग कडेला बसलो तेवढ्यात त्याचं गाव विचारून घेतलं."

सूनबाईंना या वेळी नाव न सांगता तीन परिच्छेद दिले, त्यातला एकच बुवांचा. त्यांनी पहिल्या ओळीलाच ओळखला. ही परीक्षा तुम्हीही करून पाहा, फक्त ओळखणारा माणूस तुमचं रोजचं बोलणं ऐकणारा हवा.

कार्डाचा एक धोका मात्र आहे. ते हाती आल्यावर बुवा पानात चार वेळा "चालता चालता सांगतो" लिहू लागले. धृपदसुद्धा कडवं पुरं झाल्यावरच येतं. तेव्हा असं ठरलं की पालुपद एका लेखात एकदाच, आणि आपसूक आलं तरच. कार्ड लिहिताना समोर ठेवण्यापेक्षा लिहून झाल्यावर ताडून पाहायला बरं, असं माझं मत झालंय. आधी डोळ्यांपुढं ठेवलं की माणूस स्वतःचीच नक्कल करतो.

मतं बदलतात, तेव्हा कार्डही बदलावं. बुवा दर वर्षी आषाढी करून घरी परतले की नवी वही वाचून कार्ड तपासतात. जुनं मत खोडून टाकत नाहीत. त्यावर एक रेघ, शेजारी वर्ष. मागं एकदा 'फटाके नकोत'च्या शेजारी त्यांनी 'भोंगेही नकोत' वाढवलं.

आणि लेख छापायला पाठवाल तेव्हा कार्डाची एक नक्कल सोबत जोडा. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हं, 'गेलं' की 'गेले' हे संपादकांचं काम, त्यात हट्ट नको. पण 'सात अभंग लागले' याचं कुणी 'दीड तास लागला' करू नये, एवढं त्या नकलेवर खाली एका ओळीत लिहून ठेवा.