उदाहरणानं काय सिद्ध झालं?

४ ऑगस्ट

जीआरईला बसणाऱ्या मुलांचे सरावाचे निबंध आज तपासायला घेतले. सप्टेंबर २०२३ पासून या परीक्षेत दोनऐवजी एकच निबंध उरला आहे. दुसऱ्याच्या युक्तिवादातल्या त्रुटी दाखवायचा निबंध गेला, स्वतःची भूमिका मांडायचा राहिला. वेळ अर्धा तास, गुण शून्य ते सहा.

विषय ईटीएसच्या जाहीर यादीतला होता. एखाद्या समाजाची सर्वांत महत्त्वाची वैशिष्ट्यं समजून घ्यायची, तर त्याच्या मोठ्या शहरांचा अभ्यास करायलाच हवा, असं विधान. खाली सूचना अशी की, हे तुम्हाला कितपत पटतं ते सांगा. विधान कुठे खरं ठरेल, कुठे ठरणार नाही, याचा विचार करा आणि त्यामुळे तुमची भूमिका कशी घडली तेही दाखवा. बरीच मुलं विधान वाचतात आणि सूचना सोडून देतात. पण गुणदानाच्या निकषांत पहिली ओळच सूचनेला धरून घेतलेल्या भूमिकेची आहे.

चिपळूणच्या मुलीचा निबंध वेगळा काढून ठेवला. इंग्रजी स्वच्छ, वाक्यं वाहती. सुरुवातीला म्हणते, शहरं महत्त्वाची आहेत पण खेडीही तितकीच महत्त्वाची आहेत. मधे मुंबईवर एक परिच्छेद आहे, त्यात आर्थिक राजधानी, लोकल, डबेवाले, सिनेमा. मग खेड्यांवर एक, त्यात शेती, सण, एकत्र कुटुंब. शेवटी दोन्हींचा अभ्यास व्हावा. कडेला पेन्सिलीनं ३ लिहिले.

५ ऑगस्ट

इतक्या चांगल्या भाषेला तीनच का, हे तिला लेखी द्यायचं म्हणून सकाळी बसले.

‘दोन्ही महत्त्वाचं’ ही भूमिका होत नाही, कारण तिला कुणाचाच विरोध नाही. विधानातही खेडी बिनमहत्त्वाची आहेत असं कुठे म्हटलेलं नाही. त्याचा दावा वेगळा आहे: शहरांचा अभ्यास टाळला तर समाज कळणारच नाही. म्हणजे पडताळून पाहायच्या गोष्टी दोन. शहराकडे न बघताही कळेल असं या समाजाचं एखादं मोठं वैशिष्ट्य आहे का? आणि शहराचा अभ्यास केला तर तेवढ्यानं भागतं का? या दोन प्रश्नांना तिचं जे उत्तर असेल, तीच तिची भूमिका.

काही क्लासेसमध्ये मुलांना सांगतात, एकच बाजू घ्या आणि ठोकून मांडा. तशी सक्ती मुळीच नाही. पूर्ण सहमती, पूर्ण विरोध, अंशतः सहमती, काहीही चालतं. मात्र अंशतः सहमत असाल तर कुठपर्यंत सहमत आणि कुठून पुढे नाही, ती रेषा दाखवावी लागते, आणि ती तिथेच का ओढली हेही सांगावं लागतं. मला वाटतं, चारच्या निबंधात भूमिका स्पष्ट असते, पाच-सहाच्या निबंधात या रेषेमागचं कारणही दिसतं.

७ ऑगस्ट

ती संध्याकाळी आली. मी विचारलं, “लोकल कशासाठी आणलीस?”

“मॅडम, मुंबई म्हटलं की लोकल येतेच ना.”

तिला लोकलचं वाक्य खोडायला सांगितलं आणि परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. काहीच बिघडलं नाही. डबेवाले खोडले, तरी नाही. जे काढून टाकल्यावर युक्तिवादाचा एकही सांधा निखळत नाही, ते उदाहरण कितीही खरं असलं तरी तपासणाऱ्याच्या दृष्टीनं नुसता उल्लेख आहे. या परीक्षेत विषयाचं खास ज्ञान तपासत नाहीत. दिलेल्या माहितीतून लिहिणाऱ्यानं काय काढलं ते पाहतात.

मग विचारलं, मुंबईबद्दल तुमच्या घरात काय बोललं जातं? ती जरा थांबून म्हणाली, आजोबा लालबागला गिरणीत होते. संपात गावी परत आले आणि भातशेती करू लागले. हे परीक्षेत चालेल का, अशी तिला शंका होती. मी म्हटलं, चालेल, पण घरची गोष्ट म्हणून लिहू नकोस, पुरावा म्हणून लिही.

१० ऑगस्ट

नवा मसुदा आला. पहिल्याच परिच्छेदात रेषा ओढलेली आहे: समाजातले ताण सर्वांत उघडपणे शहरात दिसतात, म्हणून शहराचा अभ्यास टाळता येत नाही, पण ते ताण कुठून येतात आणि कशावर तग धरतात, हे एकट्या शहरात सापडत नाही.

पुढचा परिच्छेद गिरणगावचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप वर्षाहून अधिक चालला. इथपर्यंत माहिती झाली, आणि तिचा पहिला मसुदा असता तर इथेच थांबला असता. आता ती विचारते, पगार बंद असताना माणसं इतके महिने टिकली कशी? उत्तर शोधत मुंबईबाहेर जाते. कितीतरी कामगार कोकणातले आणि घाटावरचे होते. बायकामुलं, थोडीफार जमीन, घर गावीच. एरवी मनीऑर्डर तिकडे जायची, संपात माणसंच तिकडे गेली. मग ती लिहिते की, फक्त मुंबई पाहणाऱ्याला संप दिसेल, पण तो का टिकला ते कळणार नाही. आणि फक्त कोकण पाहणाऱ्याला शेतात परतलेले पुरुष दिसतील, पण ते का परतले ते कळणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात उदाहरण भूमिकेला जोडलं गेलं आहे, आणि तेही दोन्ही बाजूंनी. विधान कुठे खरं, कुठे अपुरं, हे एकाच प्रसंगातून निघालं. सूचनेत मागितलं होतं ते हेच.

१२ ऑगस्ट

प्रत्यक्ष परीक्षेत निबंध एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि एक संगणकप्रणालीही गुण देते. दोन्ही गुण जवळपास असले तर सरासरी काढतात. फार फरक पडला तर दुसरा माणूस वाचतो आणि मग दोन माणसांची सरासरी धरतात. आमच्याकडे आम्ही दोघं शिक्षक एकमेकांचे गुण न बघता तपासतो. तिच्या नव्या मसुद्याला मी ५ दिले, सरांनी ४. सरासरी साडेचार.

आमचं अडलं तिसऱ्या परिच्छेदावर. तिथे तिनं २०११ ची जनगणना आणली आहे: शहरी लोकसंख्या सुमारे ३१ टक्के, म्हणून भारतीय समाजाची खरी वैशिष्ट्यं खेड्यांतच. सरांचं म्हणणं, ही उडी आहे. जास्त लोक कुठे राहतात यावरून समाजाचं महत्त्वाचं वैशिष्ट्य कुठे सापडेल हे ठरत नाही. मधली पायरीच नाही. शिवाय गिरणगावच्या परिच्छेदात जे कमावलं, ते इथे मोडतं. तिथे शहर आणि गाव एकमेकांशिवाय कळत नाहीत असं दाखवलं, इथे ‘खेड्यांतच’ म्हणून दोन्ही पुन्हा वेगळे केले. मला ती एका परिच्छेदातली घसरण वाटली. सरांच्या मते भूमिकाच डळमळली, म्हणजे तर्काच्या मांडणीतला दोष.

सरांचा मुद्दा मला पटला. पाचावर मी तरीही ठाम आहे, कारण निबंध एकसंध वाचून एकच गुण द्यायचा असतो, परिच्छेदागणिक वजाबाकी करायची नसते. अर्ध्या तासात लिहिलेला मजकूर आहे, याचंही भान ठेवावं लागतं.

तिला दोन्ही गुण आणि दोन्ही कारणं कळवली. आकडा टाकू नकोस, म्हटलं, त्याचं काम बदल. इतके लोक खेड्यांत राहतात, तर शहरात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं एक घर अजून तिथेच असणार, असं त्या आकड्यावरून म्हणता येतं, आणि मग तो परिच्छेद गिरणगावलाच बळ देतो. तिचं लगेच उत्तर आलं: “मग हा परिच्छेद आधी घेऊ की नंतर, मॅडम?” आधी घे, म्हणून सांगितलं. आधी आकड्यातून शक्यता मांडावी, मग संपातून ती घडलेली दाखवावी. रविवारी नव्या विषयावर, घड्याळ लावून, स्पेलचेकशिवाय लिहायला बसणार आहे. परीक्षेच्या पडद्यावरही ती सोय नसते.