पंधरा आणि शेचाळीस

एकाच प्रवाशाचे तेच सामान सातासमुद्रापार नेण्यास जी व्यवस्था शेचाळीस किलोंची मुभा देते, तीच व्यवस्था नागपूरहून मुंबईपर्यंतच्या दीड तासाच्या अंतरासाठी पंधरा किलोंवर एक किलोही विनाशुल्क स्वीकारण्यास तयार नसते, ही गोष्ट माझ्या पुतणीच्या प्रयाणाच्या दिवशी विमानतळावर उघडकीस आली, आणि तिचा सल माझ्या मनातून आजही गेलेला नाही. वजन, पावती आणि मर्यादा या गोष्टी मला अपरिचित नाहीत. माझी सारी नोकरी रेल्वेच्या पार्सल कचेरीत, त्यांतील शेवटची वर्षे येथे वरठीस भंडारा रोड स्थानकावर गेली. पुतणी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाली, तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा भरण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांनी माझ्याकडे सोपवली ती याच कारणाने.

तिच्या परदेशगमनाच्या तिकिटावर प्रत्येकी तेवीस किलोंच्या दोन बॅगा आणि विमानात स्वतःबरोबर न्यावयाची सात किलोंची एक लहान बॅग, असा हिशेब नमूद होता. या तेवीस किलोंत बॅगेचे स्वतःचे वजनही धरलेले असते, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. घरात आणलेल्या दोन मोठ्या बॅगा रिकाम्याच प्रत्येकी चार किलोंच्या वर भरल्या, म्हणजे तेवीसांतील जवळजवळ पाचवा हिस्सा केवळ वेष्टणातच खर्ची पडला. बॅगेच्या मुठीला अडकवून उचलावयाचा जो छोटा काटा हल्ली मिळतो तो पुतणीने आणला होता. मी तो गावातील धान्यदुकानदाराकडे नेऊन वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या वीस किलोंच्या लोखंडी मापावर पडताळून पाहिला, तेव्हा त्याने एकोणीस किलो सहाशे ग्रॅम दाखवले. अशा काट्यावर भरवसा ठेवून बरोबर तेवीसांपर्यंत भरलेली बॅग विमानतळावरील काट्यावर जवळजवळ अर्ध्या किलोने अधिक भरेल, हे उघड आहे. म्हणून आम्ही दोन्ही बॅगा त्या दुकानातील मोठ्या काट्यावर तोलल्या आणि प्रत्येकीत थोडी जागा शिल्लक ठेवली.

पहिला वाद तांदळावरून झाला. आमचा हा प्रदेश धानाचा. घरचा चिन्नोर तांदूळ पोरीबरोबर गेला नाही तर मायेत काही उणे राहिले असे वहिनींना वाटणे स्वाभाविक होते. "भाऊजी, पोरगी तिथं गेल्या गेल्या खाईल काय जी?" असे विचारीत त्यांनी तीन किलोंची शिवलेली पिशवी बॅगेच्या तळाशी ठेवलीही होती. ती मी बाहेर काढली. ज्या देशांत खापरा नावाच्या किड्याचा प्रादुर्भाव आहे अशा देशांतून प्रवाशाने स्वतःच्या सामानात तांदूळ आणू नये, असा अमेरिकेच्या जकात खात्याचा नियम आहे, आणि त्या देशांत हिंदुस्थानची गणना होते. हा किडा मी गोदामांत पाहिलेला आहे. त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत किंवा भिंतीच्या भेगेत शिरून बसली म्हणजे अन्नावाचूनही दीर्घकाळ तग धरते आणि धुरी देऊनही सहजासहजी मरत नाही, त्यामुळे त्या नियमाविषयी माझी काहीच तक्रार नव्हती. वहिनी मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

तांदळाच्या जागी तीन लिटरांचा कुकर आला. विजेचे मिक्सर मात्र मी नेऊ दिले नाही, कारण आपल्याकडील यंत्रे दोनशे तीस व्होल्टांवर चालणारी आणि तिकडील घरगुती वीज एकशे वीस व्होल्टांची. केवळ खुंटीचा आकार बदलून देणारे साधन लावल्याने हा फरक भरून निघत नाही. कुकरचा उपयोग केवळ स्वयंपाकाचा नव्हे. बॅगेत तो सर्वांत भक्कम पेटी होऊन बसतो. त्याच्या पोटात आम्ही लोणच्याचा डबा ठेवला, आणि त्या डब्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे मला अवश्य वाटते, कारण तेल सांडून कपडे आणि पुस्तके नासल्याच्या हकिकती मी पुष्कळ ऐकल्या आहेत, आणि त्यांचे कारण लोक झाकण सैल राहिले एवढेच समजतात.

वास्तविक कारण हवेचे आहे. विमान उंचावर गेले म्हणजे आतील हवेचा दाब, माणसांच्या कक्षेत तसाच खाली सामानाच्या कक्षेतही, सुमारे दोन हजार मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीच्या पर्वतावर असावा इतका उतरतो. आणि वरठीसारख्या सखल गावी बंद केलेल्या डब्यात लोणच्याच्या वर जी हवा कोंडलेली असते ती त्या उंचीवर पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगू पाहते व झाकणाच्या आट्यांतून स्वतःबरोबर तेल बाहेर ढकलते. डबा रात्रभर वर्तमानपत्रावर उलटा ठेवून कागदावर डाग पडतो की नाही हे पाहण्याची घरगुती परीक्षा चांगली आहे, पण तिच्यातून झाकणाचा दोषच तेवढा कळतो, हवेचा कळत नाही. म्हणून डबा काचेचा न घेता किंचित दबणाऱ्या प्लॅस्टिकचा घ्यावा, तो जवळजवळ काठोकाठ भरावा म्हणजे आत हवाच थोडी राहील, तोंडावर प्लॅस्टिकचा दुहेरी कागद बसवून मग झाकण आवळावे, झाकणाच्या कडेवर चिकटपट्टीचे वेढे द्यावेत आणि सबंध डबा हवा दाबून काढलेल्या दोन पिशव्यांत एकीत एक असा बांधावा. इतके करून तो कुकरमध्ये, भोवती जुने सुती कापड कोंबून, ठेवला. ते कापड दोन कामे करते: डबा हलू देत नाही, आणि तेल निसटलेच तर शोषून घेते.

नाजूक वस्तू एकच होती, परंतु तिच्यावर पुतणीचा जीव होता. तान्ह्या पोळ्याला ती लहानपणी जो लाकडी नंदीबैल ओढीत असे, वीतभर उंचीचा आणि बारीक शिंगांचा, तो तिला बरोबर हवा होता. सामानावर "नाजूक वस्तू" अशी चिठ्ठी लावल्याने हमाल ते हळू उचलतील, हा समज पार्सल कचेरीत नोकरी केलेल्या माणसाने बाळगणे शक्य नाही; पेटी फेकली जाईल, तिच्यावर दुसरी पेटी आदळेल आणि ती उलटी पडेल, असे गृहीत धरूनच बांधणी करावी लागते. बॅग उभी केली म्हणजे चाकांकडची बाजू खाली येते, म्हणून कुकर, पुस्तके आणि इतर जड जिन्नस त्या बाजूला गेले. आणि नंदी बॅगेच्या अगदी मध्यावर, कोणत्याही कडेपासून चार बोटे जाडीचे मऊ कपडे भोवती राहतील अशा बेताने ठेवला. शिंगांवर लोकरीचे मोजे चढवले, पायांमधील पोकळीत रुमाल भरले, कारण बारीक अवयव मोडतो तो बाहेरच्या आघाताने जितका, तितकाच भोवतालच्या पोकळीत हिसका बसून. बॅग बंद करून हलवली असता आत काही सरकल्याचा आवाज आला नाही, तेव्हा माझे समाधान झाले.

लहान बॅगेत पोहोचल्याबरोबर जे लागेल तेच घातले: पारपत्र, विद्यापीठाचा मूळ दाखला, शुल्काच्या पावत्या, वैद्याच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातील औषधे, एक जोड कपडे, आणि एक पातळ पांघरूण, कारण विद्यार्थ्यांना भाड्याने मिळणारी घरे पुष्कळदा रिकामी असतात, आणि मोठ्या बॅगा उशिरा आल्या तर पहिली रात्र पांघरुणावाचून काढावी लागते. मोबाईलसाठीची जादा बॅटरी याच बॅगेत असावी लागते, सामानाच्या कक्षेत ती चालत नाही. तिची क्षमता शंभर वॅट-तासांच्या आत हवी. तिच्यावर वीस हजार मिलिअँपिअर-तास लिहिले होते, त्यास 3.7 व्होल्टांनी गुणून हजाराने भागले असता चौऱ्याहत्तर येतात, म्हणजे हरकत नव्हती.

इतक्या तपशिलाने भरलेल्या, 22.4 आणि 22.6 किलोंच्या त्या दोन बॅगा नागपूरच्या विमानतळावर काट्यावर चढल्या, आणि खिडकीवरील मुलीने शांतपणे सांगितले की आपल्याला पंधरा किलोंचीच मुभा आहे, तीस किलो जादा होतात. तिकिटे विकणाऱ्या इसमाने नागपूर ते मुंबईचे तिकीट स्वस्त पडावे म्हणून निराळे काढले होते. प्रवास एकाच तिकिटावर असता तर सर्वसाधारणपणे परदेशगमनाची मुभा नागपूरपासूनच लागू झाली असती. तिकिटे दोन झाली की नियमाच्या दृष्टीने प्रवासही दोन होतात, आणि पहिल्याला देशांतर्गत मर्यादा लागते. हे त्या इसमाला ठाऊक नव्हते असे मी मानीत नाही. जादा वजनाचा दर किलोस पाचशे रुपयांहून अधिक, म्हणजे केवळ त्या दीड तासासाठी पंधरा हजारांवर रक्कम होत होती. आम्ही पुढचे तिकीट दाखवले. काही कंपन्या ते पाहून सवलत देतात असे ऐकले होते. येथे ती नव्हती. माझ्या वहिनी, ज्यांनी तांदळासाठी माझ्याशी अबोला धरला होता, त्या तेथे लोकांच्या रांगेसमोर फरशीवर बसून मुलीचे कपडे उपसू लागल्या, आणि ते दृश्य पाहून माझा जो संताप झाला तो शब्दांत मांडणे कठीण आहे. अधिक घ्यायचेच असेल तर घ्यावे. पण ज्या क्षणी तिकीट विकले जाते त्या क्षणी ही गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगण्याची सक्ती विक्रेत्यावर का नसावी? रेल्वेत कोणत्या वर्गास किती वजन माफ हे कोणालाही कळू शकते: दुसऱ्या वर्गास पस्तीस किलो, शयनयानास चाळीस.

आणि शेवटी उपयोगी पडली ती तीच मर्यादा. पुतणीचे पुढील विमान मुंबईहून दुसऱ्या दिवशी रात्री होते. आम्ही एका बॅगेतून कुकर, पुस्तके आणि जड कपडे असे 7.4 किलो काढून ती बरोबर पंधरा किलोंची केली. ती आणि नंदी पुतणीबरोबर विमानाने गेले. उरलेली 22.6 किलोंची बॅग आणि ती वेगळी गाठोडी, मिळून तीस किलो, माझ्या पुतण्याने त्याच दिवशी विदर्भ एक्सप्रेसच्या साधारण डब्यात चढवली आणि रात्रभर उभ्याबसल्या प्रवास करून सकाळी कल्याणला उतरवली. तेथे नातलगांच्या घरी दोन्ही बॅगा पुन्हा पूर्ववत भरल्या गेल्या आणि रात्री एक पैसाही जादा न देता रवाना झाल्या. नंदीची शिंगे शाबूत पोहोचली. लोणच्याच्या पिशवीत तेलाचा थोडा ओलावा आला, तो आतल्याच पिशवीत राहिला.

खिडकीवरील त्या मुलीला मी त्या दिवशी कठोर बोललो नाही, आणि पुढे विचार करता तिचा दोषही मला दिसेना. पार्सलच्या खिडकीवर एक किलो सोडून द्या म्हणून माझ्याकडेही लोक हात जोडीत आले आणि मी तो सोडला नाही. परंतु तिकीट विकणाऱ्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. यंदा मोहाडीचा एक मुलगा त्याच वाटेने निघाला, तेव्हा मी त्याच्या वडिलांना दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या असे आग्रहाने सांगितले. त्यांनी चौकशी केली. एकत्र तिकीट बरेच महाग पडत होते. त्यांनी सर्व जाणून दोन तिकिटे काढली, मोठ्या बॅगा दोन दिवस आधी रेल्वेने मुंबईस रवाना केल्या, आणि मुलगा लहान बॅग घेऊन विमानाने गेला. त्यांच्या हिशेबात मला चूक काढता आली नाही.